पिवळी पडून गळणारी गुलाबाची पानं: पुण्यातल्या एका वाफ्याची हकीकत

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीला लागून गुलाबांचा एक लांबट वाफा आहे. झाडं तीसेक असतील. बहुतेक ग्लॅडिएटर, मधेमधे पिवळ्या फुलांची काही संकरित झाडं, आणि एका टोकाला जुना गावठी गुलाबी गुलाब. ऑगस्ट सरता सरता मला तिथे बोलावलं तेव्हा निम्म्याहून जास्त झाडं खालून उघडी पडली होती. नुसत्या काटेरी फांद्या आणि शेंड्याला पानांचा झुपका. वाफ्यात पिवळ्या-काळ्या पानांचा सडा पडलेला होता.

सोसायटीच्या बागेचं बघणाऱ्या बाईंचं निदान तयार होतं. "खत कमी पडतंय. पानं पिवळी पडायला लागली म्हणून जुलैत युरिया टाकला, तरी थांबेना." माळीदादांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते पावसाचं पाणी मुळाशी साचत होतं. दोघांचाही तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, कारण गुलाबाचं पान पिवळं पडायला या दोन्ही गोष्टी पुरतात. पण पान कसं पिवळं पडलंय हे कोणी नीट पाहिलं नव्हतं.

नत्र कमी पडलं की जुनी पानं सगळीकडून सारखीच फिकट होतात, त्यांच्यावर डाग नसतात. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुळाशी पाणी साचलं की झाड कोमेजल्यासारखं दिसतं, नवी फूट आखडते. इथे यातलं काहीच नव्हतं. शेंड्याची फूट जोमदार होती, युरियामुळे जरा जास्तच. पिवळेपणा खालच्या पानांपासून वर चढत होता आणि प्रत्येक पिवळ्या पानावर काळे गोलसर डाग होते. काही पानं डागाच्या भोवती हिरवी राहून बाकी पिवळी झाली होती. बोटाने हलकेच ओढलं की पान देठासकट हातात येत होतं.

डाग काळा असला म्हणजे तो काळ्या ठिपक्यांचा रोगच, असंही नसतं. सर्कोस्पोरा बुरशीचा डाग लहान असतो, मध्यभागी राखाडी आणि कडेला जांभळा. केवडा रोगाचे डाग जांभळट आणि शिरांमध्ये अडकल्यासारखे कोनदार असतात, आणि तो थंड, ओल्या हवेत कोवळ्या शेंड्यावर येतो. इथले डाग पानाच्या वरच्या बाजूला होते, काही करंगळीच्या नखाएवढे मोठे, आणि त्यांची कड सरळ नव्हती. शाई टिपकागदावर फुटावी तशी ती झालरीसारखी पसरलेली होती. बुरशीचे धागे पानाच्या वरच्या पातळ आवरणाखालून चहूबाजूंना पसरतात, म्हणून ही झालर दिसते. दहापट भिंगातून पाहिलं तर डागावर बारीक काळे फोड दिसले. त्या फोडांत बीजाणू तयार होतात. झालर आणि फोड दोन्ही दिसले की काळ्या ठिपक्यांच्या रोगाबद्दल मला शंका राहत नाही. ज्यांच्याकडे भिंग नाही त्यांनी डाग पडलेलं पान ओल्या टिपकागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस ठेवावं. फोड जास्त ठळक होतात.

या बुरशीचं शास्त्रीय नाव डिप्लोकार्पोन रोझी. ती फक्त गुलाबावर जगते, शेजारच्या जास्वंदीला किंवा मोगऱ्याला तिच्यापासून धोका नाही. तिच्याबद्दल सगळ्यात कामाची गोष्ट पाण्याशी जोडलेली आहे. भुरीचे बीजाणू कोरड्या वाऱ्यावर उडतात. काळ्या ठिपक्यांचे बीजाणू चिकट द्रवात गुंतलेले असतात आणि पाण्याच्या थेंबानेच सुटतात. पावसाचा किंवा स्प्रिंकलरचा थेंब पडलेल्या पानावर आदळला की त्याचा शिंतोडा खालच्या फांदीच्या पानांवर उडतो. म्हणून रोग खालून वर चढतो. शिंतोडा बसला तरी लगेच काही होत नाही. पान सलग सात तास तरी ओलं राहिलं तर बीजाणूला कोंब फुटून तो पानात शिरतो. मधेच पान वाळलं तर त्याचं काम तिथेच थांबतं. एकदा शिरला की पाच ते दहा दिवसांत डाग दिसतो, आणि लागण झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत त्याच डागातून नवे बीजाणू निघायला लागतात. पंचवीस अंशांच्या आसपासचं तापमान तिला मानवतं. पुण्याचा जुलै ते सप्टेंबर म्हणजे नेमकी तीच हवा.

पान पिवळं पडून गळतं ते डागाने सगळं पान खाल्लं म्हणून नाही. लागण झालेल्या पानात इथिलीन हा वायू जास्त तयार होतो. फळं पिकवणारा तोच हा वायू. त्यामुळे चार-पाच डाग असलेलं पानही वेळेआधी म्हातारं होऊन गळतं. झाड मग साठवलेल्या अन्नावर नवी पानं काढतं, तीही गळतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत फांद्यांत जोर उरत नाही. सोसायटीच्या बाई म्हणत होत्या, "गेल्या वर्षी डिसेंबरात फुलं अगदी खुरटी आली." ती खुरटी फुलं आदल्या पावसाळ्यातल्या पानगळीचा हिशेब होती.

निदान झालं, पण हे पहिलंच वर्ष नव्हतं आणि फवारणीही चालू होती. मग रोग हटत का नव्हता, याचं उत्तर वाफ्यातच होतं.

पहिली गोष्ट जमिनीवरची पानं. माळीदादा रोज झाडलोट करत, पण वाफ्यातली गळलेली पानं गोळा करून झाडाच्या बुंध्याशीच ओढून ठेवत. आच्छादन होतं, ओल टिकते, गांडुळं येतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. निरोगी पालापाचोळ्यासाठी हे सगळं खरं आहे. इथे मात्र रोगाचं सगळं भांडवल खालच्या फांदीपासून वीतभर अंतरावर नीट रचून ठेवलेलं होतं.

दुसरी गोष्ट हिरवळीचा स्प्रिंकलर. त्याला टायमर होता आणि तो संध्याकाळी साडेसहाला चालू व्हायचा. पावसाळ्यात बंद ठेवतो असं सगळे म्हणाले, पण ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप पडली की कुणीतरी चालू करत असे. फवाऱ्याची कड वाफ्यावर यायची. भिंत पूर्वेला असल्याने सकाळचं ऊन वाफ्यावर नऊच्या सुमारास पोचायचं. म्हणजे संध्याकाळी भिजलेली पानं बारा-चौदा तास ओली राहत होती. बुरशीला सात तास पुरतात. पावसाने उसंत दिली त्या दिवसांत खरं तर रोगाची साखळी तुटायला हवी होती, ती स्प्रिंकलर जोडून देत होता.

तिसरी गोष्ट फांद्या. वर्षभराच्या कोवळ्या फांद्यांवर जांभळट-काळपट, किंचित उंचावलेले, वेडेवाकडे चट्टे होते. हे चट्टे सहसा कोणी पाहत नाही, कारण लक्ष पानांवर असतं. थंड देशांत बुरशी हिवाळा पडलेल्या पानांत आणि अशा चट्ट्यांत काढते. आपल्याकडे गुलाबाची सगळी पानं कधीच एकदम गळत नाहीत, तेव्हा तिला इतकी वाट पाहावी लागत नाही. तिचा अडचणीचा काळ म्हणजे एप्रिल-मेचं कोरडं, कडक ऊन. त्या दिवसांत नवी लागण जवळपास थांबते, लोकांना वाटतं रोग गेला, आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर फांदीवरचे चट्टे आणि खाली तगून राहिलेली जुनी पानं पुन्हा बीजाणू सोडतात.

फवारणीचं म्हणाल तर महिन्यातून एकदा कार्बेन्डाझिम, संध्याकाळी, वरून. ते चूक म्हणण्यापेक्षा अपुरं होतं. दोन आठवड्यांत नवी पिढी काढणाऱ्या बुरशीला महिन्याचं अंतर म्हणजे मोकळं रान. तेच एक आंतरप्रवाही औषध वर्षानुवर्षं वापरलं की बुरशीला त्याची सवय होण्याचा धोका असतो, तो वेगळाच. शिवाय दर फवारणीनंतर ते वाफ्याच्या मातीतही कॉपरचं पाणी ओतत. त्याची गरज नव्हती. ही बुरशी पानाच्या किंवा फांदीच्या आधाराशिवाय मातीत फार काळ टिकत नाही. पाचोळा उचलला की मातीचा प्रश्न जवळजवळ संपतो. तांबं मात्र मातीत साठत जातं.

ऑगस्टच्या अखेरीस कडक छाटणी करायचा मोह सोसायटीला झाला होता. "सगळी झाडं एकदा भुईसपाट करा, नवी फूट स्वच्छ येईल." मी नको म्हणालो. भर पावसात गुलाब खाली छाटला की ओल्या जखमेतून फांदी वरून खाली काळी पडत सुकते, आणि काळ्या ठिपक्यांपेक्षा ही फांदीमर जास्त झाडं मारते. शिवाय छाटणीनंतरची कोवळी पानं या रोगाला सगळ्यात जास्त बळी पडतात, आणि ती सप्टेंबरच्या पावसातच उघडली असती. म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. पाऊस असेपर्यंत रोग आवरायचा, आणि पाऊस गेल्यावर त्याचं मूळ काढायचं.

पहिल्या टप्प्यात पाऊस नसलेला एक दिवस निवडून, पानं पूर्ण वाळल्यावर, वाफा साफ केला. ओल्या झाडात हात घातला की बीजाणू हाताला आणि कपड्यांना लागून पुढच्या झाडावर जातात, म्हणून कोरड्या पानांची वाट पाहायची. आधी झाडावरची डाग पडलेली पानं खुडून थेट पिशवीत टाकली, खाली पडू दिली नाहीत. ज्या झाडांवर जेमतेम पानं उरली होती तिथे हात आखडता घेतला. एका वेळी पाव ते तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पानं काढली तर झाड आणखी थकतं, त्यामुळे फक्त पिवळी आणि खूप डागांची पानं काढून थोडे डाग असलेली हिरवी पानं पुढच्या आठवड्यासाठी ठेवली. मग निरोगी दिसणाऱ्या झाडांवरचीही जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढली. शिंतोड्याची पहिली पायरीच त्यामुळे गेली. सगळ्यात शेवटी बुंध्याजवळचा पाचोळा आणि त्याखालचा अर्धवट कुजलेला थर खुरप्याने खरवडून उचलला.

गोळा झालेल्या पोत्यांचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. जाळायला मनाई आहे, आणि असावीच. सोसायटीचा कंपोस्ट खड्डा होता, पण तो इतका गरम होत नव्हता की त्यात बुरशी मरेल याचा भरवसा धरावा. शेवटी मागच्या कोपऱ्यात, गुलाबांपासून लांब, हातभर खोल खड्डा करून पानं पुरली आणि वर वीतभर माती दाबली. ज्यांना जागा नाही त्यांनी पिशवीचं तोंड बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यावी. बांधलेली पिशवी कोपऱ्यात उघडून ठेवली तर मेहनत वाया जाते.

मोकळ्या झालेल्या वाफ्यावर नारळाच्या काथ्याचा दोन बोटांचा थर दिला, बुंध्यापासून चार बोटं सोडून. उरलासुरला एखादा तुकडा खाली राहिला असेल तर थेंब त्याच्यावर थेट आदळू नये हा त्यामागचा हेतू. स्प्रिंकलरचा वाफ्याकडचा नोझल बंद करून उरलेल्यांचा टायमर सकाळी सातला लावला, आणि गुलाबांना पाइपने आळ्यात पाणी द्यायचं ठरलं. मला विचाराल तर या सगळ्यात खर्च नसलेली आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट ही होती.

फवारणीत मॅन्कोझेब घेतलं, लिटरला अडीच ग्रॅम, त्यात अर्धा मिली स्टिकर. हे स्पर्शजन्य औषध आहे. आत शिरलेली बुरशी त्याने मरत नाही, पडलेला डाग जात नाही. ते पानावर बसून नव्या बीजाणूला अडवतं, आणि पावसाने धुऊन गेलं की संरक्षणही जातं. म्हणून पाऊस असताना आठ-दहा दिवसांनी, आणि मोठी सर येऊन गेली तर लवकर. पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत, सकाळी फवारलं पाहिजे, म्हणजे पानं दुपारपर्यंत वाळतात. मधल्या एका फेरीला हेक्साकोनाझोल, लिटरला एक मिली. हे आत शिरतं आणि नुकत्याच झालेल्या लागणीला काही प्रमाणात रोखतं, पण ते फार वेळा वापरायचं नाही. डब्यावरच्या लेबलमधलं प्रमाण वेगळं असेल तर लेबल ऐकायचं, आणि हातमोजे, मास्क हे बागेतल्या तीस झाडांसाठीही लागतात. युरिया बंद केला.

बाईंना कुठेतरी खाण्याच्या सोड्याचा उपाय सापडला होता. सोड्याचा भुरीवर उपयोग होतो, काळ्या ठिपक्यांवर भर पावसाळ्यात त्याच्यावर विसंबणं मला पटत नाही. पहिल्याच सरीत धुऊन जातो, आणि जास्त झाला तर पानांच्या कडा करपतात. कडुनिंबाच्या तेलाबद्दलही माझं मत साधारण असंच आहे.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जुन्या पानांवरचे डाग तसेच होते, ते जाणारच नव्हते. पाहायचं होतं ते नव्या पानांकडे. त्यासाठी काही फांद्यांवर, त्या दिवशी उघडलेल्या सर्वांत वरच्या पानाखाली रंगीत दोरा बांधून ठेवला होता. दोऱ्याच्या वरची पानं बहुतेक स्वच्छ राहिली आणि खालची हळूहळू गळून गेली. फवारणीचा उपयोग होतोय की नाही हे ठरवायची याहून सोपी पद्धत मला माहीत नाही. नाहीतर जुने डाग पाहून माणसं निराश होतात आणि औषध बदलत सुटतात.

दुसरा टप्पा ऑक्टोबरच्या मध्यानंतर, पाऊस परतून हवा कोरडी झाल्यावर. नेहमीची छाटणीच, पण तिच्यात दोन गोष्टी जास्तीच्या. एक म्हणजे फांदी निवडताना चट्टे पाहायचे. उंची दीड फुटापर्यंत आणायची होती, पण चट्टा त्याच्या खाली असेल तर कापही चट्ट्याच्या खाली, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर. अख्खी फांदीच चट्टेरी असेल तर ती बुंध्यापासून काढली. दर झाडानंतर सिकेटर स्पिरिटने पुसलं. कापावर बोर्डो पेस्ट लावली. दुसरी गोष्ट लोकांना कठोर वाटते: छाटल्यावर राहिलेली सगळी पानं, हिरवी असली तरी, काढून टाकली. आपल्याकडे थंडी पानं झाडत नाही, तेव्हा वर्षातून एकदा ते काम हातांनी करावं लागतं. झाडावर जुनं पान नाही, जमिनीवर पान नाही, फांदीवर चट्टा नाही, अशी दोन आठवड्यांची फट मिळाली की नवी फूट जुन्या रोगाच्या सावलीत उघडत नाही. मग वाफा पुन्हा झाडून, उघड्या फांद्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला तीन ग्रॅम, एकदाच. नवी पानं निम्मी उघडल्यावर मॅन्कोझेबची एक फवारणी, आणि बारा-पंधरा दिवसांनी आणखी एक.

नोव्हेंबरच्या अखेरीस वाफा पाहण्यासारखा झाला होता, एक कोपरा सोडून. तिथल्या चार झाडांवर ताजे डाग होते, आणि तेही एकाच बाजूला. हवा कोरडी, स्प्रिंकलर बंद, मग रोग आला कुठून? माळीदादांनी जरा संकोचत सांगितलं की कोपऱ्यातलं उंच पिवळं झाड छाटलंच नव्हतं. छाटणीच्या दिवशी त्यावर फुलं होती आणि एका आजोबांनी ते ठेवायला सांगितलं होतं. त्या झाडाची जुनी, डागांची पानं शेजारच्या झाडांवर झुकलेली होती. पहाटेचं दव तिथून ठिबकत होतं आणि भिंतीच्या सावलीत पानं उशिरा वाळत होती. आजोबांना ते झाड दाखवलं, फुलं कापून त्यांच्या हातात दिली, आणि उरलेलं काम त्याच दिवशी उरकलं. शेजारच्या चार झाडांची डागाची पानं खुडून एक फवारणी वाढवली. पुढे तो कोपरा सावरला, पण फुलं इतरांपेक्षा तीनेक आठवडे उशिरा आली.

ते झाड पिवळ्या फुलांचं होतं हाही निव्वळ योगायोग नाही. आजच्या पिवळ्या संकरित गुलाबांचा रंग मुख्यत्वे रोझा फेटिडा या पश्चिम आशियाई गुलाबातून आला. फ्रान्समधल्या लिओंच्या पर्ने-ड्यूशे यांनी १९०० साली त्याचा संकर बाजारात आणला आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांचं नाजूकपणही पुढच्या पिढ्यांत उतरलं. सगळेच पिवळे गुलाब रोगट नसतात, पण या वाफ्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पानं गळाली ती त्यांचीच. टोकाच्या गावठी गुलाबावर तुरळक डाग होते आणि एवढ्या सगळ्या उलथापालथीत त्याने पानं फारशी टाकली नव्हती.

पुढच्या जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी खालची वीतभर पानं काढून पहिली फवारणी झाली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डाग दिसलेच. शेजारच्या बंगल्यात गुलाब आहेत, आपली काही पानं नजरेतून सुटतात, आणि मुंबई-पुण्याच्या पावसात रोग शून्यावर आणायची अपेक्षा मी कुणाला देत नाही. फरक असा की माळीदादा आता दर आठवड्याला एक बादली घेऊन वाफ्यातून फिरतात आणि डागाचं पान दिसलं की बादलीत टाकतात. ऑगस्टअखेर ग्लॅडिएटरच्या खालच्या फांद्यांवर पानं टिकून होती. पिवळ्या झाडांपैकी दोन तरीही उघडी पडली. ती या ऑक्टोबरात काढून त्या जागी गावठी गुलाबाची कलमं लावायची, आणि उरलेल्या झाडांमधलं अंतर दोन फुटांवरून तीन फुटांवर न्यायचं, म्हणजे भिंतीच्या सावलीतही वारा खेळेल, असं ठरलं आहे. आजोबांचं पिवळं झाड त्या दोनांत नाही.